बँकेशी करार न करता कार्डाने पैसे कसे घेता येतात? लहान विक्रेत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरून फराळ विकणाऱ्या, प्रदर्शनात साड्यांचा स्टॉल लावणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, इन्स्टाग्रामवरून दागिने विकणाऱ्या लोकांसाठी हे पान आहे. नवे विक्रेते जोडणं आणि त्यांच्या व्यवहारांवर नजर ठेवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे खालचे प्रश्न रोज कानावर पडतात. कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या मधल्या कंपनीकडे, म्हणजे पेमेंट फॅसिलिटेटरकडे, खातं पाच मिनिटांत उघडतं, पण आत काय ठरलं आहे ते कुणी समजावून सांगत नाही. पैसे अडकले की लोक हवालदिल होतात, आणि बहुतेक वेळा ते टाळता आलं असतं.

मी कुठल्याच बँकेशी करार केलेला नाही. मग माझ्याकडे कार्ड चालतं कसं?

करार झालेला आहे, फक्त तो तुमच्या नावावर नाही.

कार्डाने पैसे घ्यायचे तर विक्रेत्याच्या बाजूला एक बँक लागतेच. तिला अक्वायरिंग बँक म्हणतात. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे ही नेटवर्क थेट दुकानदाराशी बोलत नाहीत, या बँकेशीच बोलतात. जुन्या पद्धतीत तुम्ही बँकेत जायचं, चालू खातं उघडायचं, हिशेब दाखवायचे, अधिकारी दुकान बघून जायचा आणि मग बँक तुम्हाला मर्चंट क्रमांक द्यायची. हा क्रमांक म्हणजेच एमआयडी. स्वाइप मशीन त्या क्रमांकावर चालायचं.

पेमेंट फॅसिलिटेटर हा करार स्वतः करतो. बँकेच्या आणि नेटवर्कच्या दप्तरी मर्चंट म्हणून त्याची नोंद असते, आणि तुम्हाला तो आपल्या छत्राखाली उप-विक्रेता म्हणून घेतो. तुमचा करार त्याच्याशी, त्याचा करार बँकेशी. त्या बदल्यात त्याने बँकेला एक वचन दिलेलं असतं: माझ्या छत्राखालच्या कुणीही गडबड केली तर भरपाई मी करीन. खातं इतक्या पटकन का उघडतं आणि नंतर पैसे कधीकधी का थांबतात, या दोन्हींचं कारण हे वचन आहे.

बँकेला तुमचा पत्ताच नसतो असं मात्र नाही. तुमचं नाव, पत्ता, धंद्याचा प्रकार ही माहिती तिच्याकडे जाते. काही बँका छत्राखालच्या प्रत्येकाला वेगळा उपक्रमांकही देतात.

भारतात या कंपन्यांना काय म्हणतात? त्यांच्यावर कुणाचं नियंत्रण आहे?

रिझर्व्ह बँक त्यांना पेमेंट अॅग्रिगेटर म्हणते. 17 मार्च 2020 रोजी तिने त्यांच्यासाठी पहिली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली. 15 सप्टेंबर 2025 च्या मुख्य निर्देशांनी ऑनलाइनसोबत दुकानातल्या मशीनवरचे व्यवहार आणि परदेशी व्यवहार सांभाळणाऱ्या कंपन्याही एकाच चौकटीत आणल्या. परवान्यासाठी अर्ज करताना कंपनीकडे किमान 15 कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता असावी लागते आणि पुढे ती 25 कोटींवर न्यावी लागते.

पेमेंट गेटवे ही वेगळी गोष्ट. गेटवे फक्त तंत्रज्ञान पुरवतो, पैसा त्याच्या हातात येत नाही. तुमचे पैसे ज्याच्यामार्फत येतात त्याचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या अधिकृत अॅग्रिगेटरांच्या यादीत आहे का, हे खातं उघडण्याआधी एकदा बघाच. ब्रँडचं नाव आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव वेगळं असू शकतं, म्हणून करारावर जे नाव आहे ते शोधा.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतून. जिम मॅकेल्वी हे सेंट लुईसचे काचकाम करणारे कलाकार. ग्राहकाकडे कार्ड होतं आणि यांना ते घेता येत नव्हतं, म्हणून हातची विक्री गेली. त्यातून 2009 मध्ये त्यांनी जॅक डॉर्सींसोबत स्क्वेअर सुरू केली: फोनच्या हेडफोनच्या भोकात खोचायचं एक छोटं रीडर आणि विक्रेत्याला सरसकट एकच दर. पेपाल त्याआधीपासून इंटरनेटवर असंच काम करत होती. एका मर्चंटच्या नावाखाली दुसऱ्यांचे व्यवहार घेणं नेटवर्कांना पूर्वी मान्य नव्हतं. पुढे त्यांनीच त्यासाठी नियम करून दिले आणि 2011 मध्ये व्हिसाने स्क्वेअरमध्ये पैसेही गुंतवले.

बँक स्वतःच लहान विक्रेत्यांना का घेत नाही?

परवडत नाही म्हणून. महिन्याला 15,000 रुपयांची कार्डविक्री करणाऱ्या विक्रेत्याचं उदाहरण घ्या. दर दोन टक्के धरला तर महिन्याची फी 300 रुपये. त्यातला मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, थोडा नेटवर्ककडे. विक्रेत्याच्या बँकेच्या हाती थोडेच रुपये उरतात. अधिकाऱ्याने एकदा येऊन घर बघून जायचं म्हटलं तरी वर्षाची कमाई त्यात संपते.

फॅसिलिटेटर हेच काम संगणकावर करतो. पॅन तपासणं, बँक खातं तुमचंच आहे का ते पाहणं, नाव निषिद्ध याद्यांमध्ये नाही याची खात्री करणं, वेबसाइट वाचणं, यातलं बरंचसं आपोआप होतं आणि शंका आली तरच माणूस बघतो. बँकेच्या दृष्टीने हजारो बारीक विक्रेते म्हणजे एकच मोठा, भरपाईची हमी देणारा ग्राहक होतो.

पण या वेगाची एक बाजू लक्षात घ्या. बँक सगळी तपासणी आधी करते आणि मग सहसा निवांत असते. फॅसिलिटेटर आधी थोडीच तपासणी करतो आणि उरलेली धंदा चालू असताना करत राहतो. अर्ज मंजूर झाला म्हणजे सगळं तपासून झालं, असं समजू नका.

अर्ज अडकतो तो बहुतेक कशावर?

कागदपत्रं फार नसतात: पॅन, पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा तपशील, आणि धंद्याचा एखादा पुरावा, जसं उद्यम प्रमाणपत्र, गुमास्ता किंवा खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची नोंदणी. अडचण येते ती नावात.

तुम्ही दिलेल्या खात्यात कंपनी एक रुपया पाठवून बघते आणि बँक त्या खात्याचं नाव परत कळवते. ते नाव पॅनवरच्या नावाशी जुळावं लागतं. आपल्याकडे कितीतरी बायकांचं बँकेत माहेरचं नाव आणि पॅनवर सासरचं, किंवा उलट. कुठे मधलं नाव वडिलांचं, कुठे नवऱ्याचं. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि अर्ज 'प्रलंबित'वर जाऊन बसतो. त्यावर उपाय म्हणून नवऱ्याचं किंवा मुलाचं खातं देऊ नका. त्याने घोळ वाढतो, कारण विक्री एकाची आणि पैसे दुसऱ्याला, हे संशयाचं पहिलं लक्षण मानलं जातं. आधी बँकेत नाव दुरुस्त करून घ्या किंवा नाव बदलाचा पुरावा, म्हणजे विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद, अर्जासोबत जोडा.

दुसरी अडचण धंद्याच्या वर्णनाची. प्रत्येक विक्रेत्याला चार अंकी धंदा-कोड लागतो. बेकरीला 5462, सलूनला 7230, असे. हा कोड तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून लागतो. 'ट्रेडिंग' किंवा 'ऑनलाइन बिझनेस' एवढंच लिहिलं तर कोड काय लावायचा हे कुणालाच कळत नाही. 'घरी बनवलेला दिवाळी फराळ, कुरिअरने महाराष्ट्रभर' असं लिहा. कोड चुकीचा लागला आणि पुढे व्यवहार त्याच्याशी जुळले नाहीत, की चौकशी तिथूनच सुरू होते.

ग्राहकाच्या स्टेटमेंटवर माझं नाव दिसतं की कंपनीचं?

दोन्ही, आणि हे नियमाने ठरलेलं आहे. आधी फॅसिलिटेटरचं लहान नाव, मग तारांकित खूण, मग तुमचं नाव. परदेशातल्या स्टेटमेंटवर `SQ *` किंवा `PAYPAL *` अशी सुरुवात तुम्ही पाहिली असेल. कंपनीच्या नावाला तीन, सात किंवा बारा अक्षरांची जागा ठरलेली असते, म्हणून `SQ` नंतर एक रिकामी जागा सोडून तारा येतो. तो चौथ्याच जागेवर यावा लागतो.

या सगळ्याला जेमतेम वीस-पंचवीस अक्षरांची जागा असते. त्यामुळे तुमचं नाव लांब असलं तर ते मध्येच तुटतं. लोक तुम्हाला 'आस्वाद फराळ' म्हणून ओळखतात आणि स्टेटमेंटवर मालकाचं अर्धं आडनाव दिसतं, असं झालं की महिन्याने स्टेटमेंट बघणारा ग्राहक म्हणतो, हा खर्च माझा नाही. आणि तो बँकेत तक्रार करून मोकळा होतो. खात्याच्या सेटिंगमध्ये स्टेटमेंटवरचं नाव बदलायची सोय असेल तर ग्राहक ओळखेल असं छोटं नाव टाका. आणि पहिला व्यवहार स्वतःच्या घरातल्या कुणाच्या तरी कार्डावर करून नाव कसं उमटतं ते प्रत्यक्ष बघा. एखादी खरी वस्तू विकूनच ते करा, त्याचं कारण पुढे येईल.

पैसे कोणत्या वाटेने येतात आणि मला किती मिळतात?

साताऱ्यातून फराळ पाठवणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. पुण्याच्या ग्राहकाने 1,800 रुपयांचा डबा क्रेडिट कार्डाने घेतला. ओटीपी टाकला आणि त्याच्या बँकेने होकार दिला. त्या क्षणी पैसे हललेले नसतात, फक्त राखून ठेवलेले असतात. पुढे नेटवर्कच्या हिशेबात ते अक्वायरिंग बँकेकडे येतात आणि तिथून फॅसिलिटेटरच्या एस्क्रो खात्यात जातात. हे खातं अनुसूचित वाणिज्य बँकेत असतं आणि कंपनीला त्यातले पैसे स्वतःच्या पगार-भाड्यासाठी वापरता येत नाहीत. एस्क्रोतून फी वजा होऊन उरलेली रक्कम ताईंच्या खात्यात येते. साधारणपणे यात व्यवहारानंतर एक-दोन कामाचे दिवस जातात.

दर दोन टक्के असेल तर फी 36 रुपये, हाती 1,764. इथे जीएसटी धरलेला नाही, कारण एका व्यवहारात 2,000 रुपयांपर्यंतच्या कार्डपेमेंटच्या सेटलमेंट सेवेला जीएसटीतून सूट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या अॅग्रिगेटरांनाही ही सूट लागू होते, गेटवेंना होत नाही, हे डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत स्पष्ट झालं. त्याच ग्राहकाने दोन डबे एकदम घेतले तर रक्कम 3,600, फी 72, त्यावर 18 टक्के जीएसटी 12 रुपये 96 पैसे, आणि हाती 3,515 रुपये 4 पैसे. तुमच्या बिलावर लहान व्यवहारांनाही जीएसटी लागलेला दिसला तर तो नेमका कोणत्या सेवेवर लावला आहे, हे लेखी विचारा.

डेबिट कार्डाचं गणित वेगळं आहे. मागच्या वर्षी 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्यासाठी डेबिट कार्डाचा एमडीआर, म्हणजे विक्रेत्याकडून घेतली जाणारी फी, 0.40 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, ही मर्यादा 1 जानेवारी 2018 पासून आहे. रुपे डेबिट कार्डावर आणि साध्या यूपीआयवर तो शून्य आहे. काही कंपन्या 'प्लॅटफॉर्म फी' वेगळी लावतात. म्हणून दरपत्रकात सगळ्यांना मिळून एकच आकडा दिसला तर त्याची फोड मागा.

दिवाळीत धंदा जोरात चालला आणि नेमके तेव्हाच पैसे होल्डवर गेले. असं का?

सगळ्यात जास्त चीड याचीच येते, आणि ती समजण्यासारखी आहे. त्याच ताईंकडे परत येऊ.

वर्षभर त्यांची कार्डविक्री महिन्याला 15,000 च्या आसपास. दिवाळीच्या तीन आठवडे आधी त्यांनी आगाऊ नोंदणी सुरू केली आणि दहा दिवसांत 100 डब्यांचे 1,80,000 रुपये आले. डबे जाणार आणखी दहा दिवसांनी, चिवडा-चकली ताजी हवी म्हणून. ताईंच्या बाजूने यात काहीच खोटं नाही.

आता हेच फॅसिलिटेटरच्या टेबलावरून बघा. ज्या खात्यात महिन्याला 15,000 येत होते तिथे दहा दिवसांत त्याच्या बारा पट आले. एकही डबा अजून निघालेला नाही. पैसे आज सोडले आणि उद्या डबे गेलेच नाहीत, तर शंभर ग्राहक आपापल्या बँकेत तक्रार करतील. 'माल मिळाला नाही' या तक्रारीला नेटवर्क साधारण 120 दिवसांची मुदत देतं, आणि ती बहुधा माल मिळायच्या ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते. त्या वेळी ताईंच्या खात्यात पैसे नसले तर पूर्ण 1,80,000 कंपनीला आपल्या खिशातून द्यावे लागतील. तिची या सगळ्यातली कमाई 3,600 रुपये, आणि त्यातलाही मोठा भाग दुसऱ्यांचा. फसवणूक करणारे लोक नेमकं हेच करतात: काही महिने शांतपणे थोडे व्यवहार, मग सणासुदीला आगाऊ पैसे घेऊन गायब. संगणकाला ताईंची दिवाळी आणि फसवणाऱ्यांची चाल सुरुवातीला एकसारखीच दिसते.

म्हणून पैसे थांबवले जातात आणि ईमेल येतो. माल पोचवायची जबाबदारी विक्रेत्याची असेल तिथे डिलिव्हरीनंतर पैसे सोडायची पद्धत 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही होती, त्यामुळे कंपनी हे मनाला येईल तसं करते असं नाही.

मला यात मनापासून सांगायचं आहे ते एवढंच, की हे आधी कळवा. नोंदणी सुरू करण्यापूर्वी सपोर्टला लिहा: या तारखेपासून या तारखेपर्यंत अंदाजे इतके ऑर्डर, एका डब्याची किंमत इतकी, डबे या तारखेला निघणार, कुरिअर अमुक. सोबत मागच्या दिवाळीचा हिशेब, तूप-बेसनाची खरेदीबिलं आणि डब्यांचा फोटो जोडा. मर्यादा आधीच वाढवून मिळू शकते. दुसरा मार्ग म्हणजे एकदम सगळे पैसे न घेता नोंदणीला 300 रुपये आणि डबा निघताना उरलेले घेणं. तसं केलं की अधांतरी रक्कम 1,80,000 वरून 30,000 वर येते, आणि अलार्म वाजण्याचं कारणच बरंचसं जातं.

होल्ड लागलाच तर आरडाओरडा करणारे दहा ईमेल पाठवू नका. प्रत्येक ईमेलने नवं तिकीट तयार होतं आणि पहिलं मागे पडतं. एकाच तिकिटावर ऑर्डरची यादी, ग्राहकांची गावं आणि निघालेल्या डब्यांच्या कुरिअर पावत्या द्या. निम्मे डबे पोचल्याचे पुरावे देऊन तेवढी रक्कम आधी सोडायला सांगता येतं. ही विनंती फार कमी लोक करतात, आणि ती बऱ्याचदा मान्य होते. उत्तरच येत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क शोधा. प्रत्येक अॅग्रिगेटरला तो नेमावाच लागतो.

चार्जबॅक आला म्हणजे नेमकं काय झालं? तो कुणी भरायचा?

ग्राहकाने आपल्या बँकेकडे पैसे परत मागितले. त्याची बँक नेटवर्कमार्फत अक्वायरिंग बँकेकडून वसूल करते, ती फॅसिलिटेटरकडून आणि तो तुमच्याकडून. तुमच्या येणाऱ्या पैशांतून ती रक्कम आधी कापली जाते. येणारं काही नसेल तर खातं उणे होतं. तुम्ही हात वर केले तर कंपनी भरते, कंपनी बुडाली तर बँक. साखळीतला प्रत्येक जण आपल्या पुढच्याकडे बघत असतो आणि शेवटचं टोक तुम्ही असता.

भारतात ऑनलाइन कार्डव्यवहाराला ओटीपी लागतो, आणि त्यामुळे 'हे मी केलंच नाही' या प्रकारच्या तक्रारीत जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. आपल्याकडच्या लहान विक्रेत्याला भोवतात ते 'मिळालं नाही' आणि 'सांगितलं तसं नव्हतं' हे वाद. परदेशी कार्ड घेत असाल तर मात्र सावध राहा. अमेरिकेतल्या नातेवाइकाने ओटीपीशिवाय केलेल्या खरेदीत हे संरक्षण नसतं.

उत्तर द्यायची मुदत फार लहान असते, कारण बँकेला मिळालेल्या दिवसांतून प्रत्येक टप्पा काही दिवस खातो आणि तुमच्यापर्यंत येईस्तोवर आठवडाभर किंवा त्याहून कमी वेळ उरतो. त्यात उत्तर गेलं नाही तर तुम्ही कितीही खरे असलात तरी वाद हरता. साताऱ्याच्या ताईंना 1,800 रुपयांचा चार्जबॅक आला तर त्यांनी जोडायचं ते असं: ऑर्डरवरचा पत्ता, त्याच पत्त्यावर डबा दिल्याची कुरिअरची सही किंवा नोंद, आणि ग्राहकाचा 'मिळाला, छान आहे' असा व्हॉट्सअॅप संदेश असेल तर त्याचा स्क्रीनशॉट, तारीख दिसेल असा. कुरिअरला डबा दिल्याची पावती पुरत नाही. त्यातून डबा निघाला हे कळतं, पोचला हे नाही.

ग्राहकाचं म्हणणं बरोबर असेल तर वाद घालू नका, पण घाईने वेगळा परतावाही पाठवू नका. चार्जबॅक चालू असताना परतावा केला तर पैसे दोनदा जाऊ शकतात. वाद मान्य केल्याचं बटण दाबा, तेवढं पुरतं.

भाच्याच्या दुकानाचे पैसे माझ्या लिंकवरून घेतले तर चालतील का?

नाही. तुमची तपासणी तुमच्या धंद्याची झाली आहे. फराळाच्या खात्यावर मोबाइलच्या दुकानाचे पैसे आले तर कार्ड देणाऱ्या बँकेला चुकीचा धंदा आणि चुकीचा विक्रेता दिसतो. बंदी असलेल्या धंद्यांचे पैसे असेच लपवून घेतले जातात, त्यामुळे याला फार कडक शिक्षा आहे. अशा कारणावरून करार मोडला गेला तर विक्रेत्याचं नाव मास्टरकार्डच्या मॅच नावाच्या यादीत जाऊ शकतं आणि तिथे पाच वर्षं राहतं. ती यादी दुसरी कंपनी आणि दुसरी बँकही बघते. भाच्याचं वेगळं खातं उघडा, एवढंच करायचं आहे.

स्वतःचं क्रेडिट कार्ड स्वतःच्याच लिंकवर घासून पैसे काढणंही त्याच जातीचं. पगाराआधी हात आखडला म्हणून लोक हे करतात. विक्री झालेलीच नाही, म्हणून तो व्यवहारच खोटा. गोल आकडे, तेच कार्ड, महिन्याची तीच तारीख, हा नमुना लगेच ओळखू येतो आणि खातं बंद होतं.

ग्राहक फोनवर कार्ड नंबर सांगतो. लिहून घेऊ का?

अजिबात नाही, वहीतही नाही आणि व्हॉट्सअॅपवरही नाही. 1 ऑक्टोबर 2022 पासून विक्रेत्यांना आणि अॅग्रिगेटरांनाही कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. ग्राहकाला लिंक पाठवा, तो स्वतः भरेल.

कंपनीच बुडाली किंवा रिझर्व्ह बँकेने तिला थांबवलं तर माझे पैसे?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबर 2022 मध्ये रेझरपे आणि कॅशफ्री यांना नवे ऑनलाइन विक्रेते जोडणं थांबवावं लागलं होतं. डिसेंबर 2023 मध्ये अंतिम परवाना मिळाल्यावर ते पुन्हा सुरू झालं. त्या वर्षभरात आधीपासूनचे विक्रेते काम करत राहिले, अडचण झाली ती नव्यांची. म्हणून दिवाळीच्या तोंडावर कंपनी बदलायला जाऊ नका.

कंपनी आर्थिकदृष्ट्या बुडाली तर एस्क्रोतल्या पैशांना 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 23 अ चं संरक्षण आहे. त्या पैशांवर विक्रेत्यांचा हक्क आधी, कंपनीकडून ज्यांचं येणं आहे अशा इतरांचा नंतर. तरीही ते हाती यायला वेळ लागणारच. म्हणून पैसे कंपनीच्या वॉलेटमध्ये साठवून ठेवायची सोय असली तरी रोजच्या रोज स्वतःच्या बँकेत वळते करून घ्या.

धंदा वाढल्यावर बँकेशी थेट करार करावा लागतो का?

एका मर्यादेनंतर नेटवर्कच तसं सांगतात. व्हिसाच्या नियमांत ही रेषा बराच काळ वर्षाला 10 लाख डॉलर राहिली आहे. त्यापुढे अक्वायरिंग बँकेला विक्रेत्याशी थेट करार करावा लागतो. फॅसिलिटेटर मध्ये राहू शकतो, पण कागदावर तिघांच्या सह्या येतात.

तिथे पोचायच्या आधीच विचार करायचा तर आपल्या व्यवहारांचं मिश्रण बघा. विक्रीतला मोठा भाग यूपीआय आणि डेबिटचा असेल तर थेट करारातून फारसं वाचत नाही. क्रेडिट कार्डाची विक्री महिन्याला 5 लाख असेल आणि बँक दोनऐवजी 1.6 टक्के दर देत असेल तर महिन्याला 2,000 रुपये वाचतात. त्यातून मशीनचं भाडं, वार्षिक शुल्क आणि बँकेने मागितलेली ठेव वजा करा. शिवाय ऑनलाइन विक्रीसाठी गेटवे वेगळा घ्यावा लागेल, आणि चार्जबॅकची कागदपत्रं बँकेच्या नमुन्यात तुम्हालाच भरावी लागतील. बँकेकडून दर लेखी घ्या, त्यात प्रत्येक शुल्क वेगळं मागा, आणि तोच कागद आधी सध्याच्या कंपनीला दाखवा. बऱ्याचदा तिथेच दर कमी होतो.